नऊ महिन्यांची गोवर लस तिकडे मोजत नाहीत: एका लसीकरण कार्डाच्या भाषांतराचं प्रकरण

मुलगी साडेपाच वर्षांची, जन्म १० फेब्रुवारी २०२०, सातारा जिल्हा. वडिलांची बदली कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीत झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तिला तिथल्या सरकारी शाळेत बालवर्गात घालायचं होतं. आईने निघण्याआधीच लसीकरण कार्डाचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं होतं. शाळेच्या नर्सने ते परत पाठवलं आणि सोबत तीन ओळींत तीन शंका लिहिल्या: तारखा कोणत्या क्रमाने लिहिल्या आहेत, नऊ महिन्यांच्या बाळाला एमएमआर कशी दिली, आणि जन्माच्या वेळच्या डोसांच्या तारखा कुठे आहेत. त्यानंतर ते कागद नव्याने भाषांतरासाठी माझ्याकडे आले. ओळख पटेल असे काही तपशील इथे बदलले आहेत. लसींचा हिशेब मात्र आहे तसाच ठेवला आहे, कारण सगळं प्रकरण त्या हिशेबाचंच आहे.

आधी शाळेला काय हवं असतं ते सांगते. कॅलिफोर्नियात २०१६ पासून वैयक्तिक मताच्या आधारावर लसीतून सूट मिळत नाही, त्यामुळे शाळा कागद बारकाईने बघतात. बालवर्गासाठी तिथला तक्ता असा: घटसर्प-धनुर्वात-डांग्या खोकला यांचे पाच डोस, पण एखादा डोस चौथ्या वाढदिवशी किंवा नंतर झाला असेल तर चार पुरतात. पोलिओचे चार, आणि चौथ्या वाढदिवसानंतरचा एक असेल तर तीन. कावीळ-बचे तीन. गोवर-गालगुंड-रुबेला म्हणजे एमएमआरचे दोन, दोन्ही पहिल्या वाढदिवशी किंवा त्यानंतर. कांजण्यांचे दोन. क्षयावरची बीसीजी, रोटा, टायफॉइड, न्यूमोकोकल यांतलं काहीही बालवर्गाला विचारत नाहीत. एखादा डोस अजून देय झालेला नसेल तर मुलाला सशर्त प्रवेश मिळतो. देय होऊन राहून गेला असेल तर तो घेतल्याशिवाय वर्गात बसता येत नाही.

माझ्यापुढे दोन कागद होते. एक शासकीय माता-बाल संरक्षण कार्ड, मराठीत छापलेलं आणि उपकेंद्रातल्या सिस्टरने मराठीतच भरलेलं. दुसरी पुण्याच्या खाजगी बालरोगतज्ज्ञांची फाइल, इंग्रजीत, बहुतेक डोसांसमोर बाटलीवरचं स्टिकर चिकटवलेलं. बाळंतपण साताऱ्याला, पहिलं वर्ष आजी-आजोबांकडे गावात आणि पुढे पुण्यात, म्हणून हे दोन कागद. आपल्याकडच्या कितीतरी मुलांची हीच गत असते. पहिल्या भाषांतरकाराने दोन्ही एकत्र करून एक छान सलग तक्ता बनवला होता. दिसायला तो फारच स्वच्छ होता आणि घोटाळा त्या स्वच्छपणातच होता.

आपल्या कार्डावर दोन प्रकारचा मजकूर शेजारी शेजारी असतो. एक छापील: "दीड महिना", "अडीच महिने", "साडेतीन महिने", म्हणजे लस कधी द्यायची त्याचं वेळापत्रक. दुसरा हाताने लिहिलेला: प्रत्यक्षात कधी दिली ती तारीख. आपण लहानपणापासून ही कार्डं बघत आलेलो असतो, त्यामुळे डोळा आपोआप छापील सोडतो आणि हस्ताक्षर वाचतो. परक्या वाचकाला तो भेद दिसत नाही. पहिल्या भाषांतरात "दिलं तेव्हाचं वय" असा एक रकाना होता आणि त्यात छापील वय उतरवलेलं होतं. पेंटाव्हॅलंट म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्रित लसीचा पहिला डोस: वय सहा आठवडे. त्यापुढे तारीख: 03/06/20.

या मुलीच्या बाबतीत हे दोन्ही जुळणं शक्यच नव्हतं. ती सहा आठवड्यांची झाली २३ मार्च २०२० ला. त्या आठवड्यात देश बंद झाला आणि गावातली लसीकरण सत्रंही थांबली. सत्र पुन्हा सुरू झाल्यावर पहिला पेंटा मिळाला ३ जूनला, दुसरा ८ जुलैला, तिसरा १२ ऑगस्टला. तिन्ही बुधवार, गावच्या सत्राचा वार. माझ्यासाठी ही एक लहानशी खात्रीच होती: तारीख बरोबर वाचली की नाही हे कधी कधी वारावरून कळतं.

आता याच तीन तारखा अमेरिकी डोळ्याने वाचा. तिकडे महिना आधी लिहितात. 03/06/20 म्हणजे ६ मार्च, 08/07/20 म्हणजे ७ ऑगस्ट, 12/08/20 म्हणजे ८ डिसेंबर. तिन्ही तारखा तिकडच्या पद्धतीने बिनचूक दिसतात, म्हणून कुणाला संशय यायचं कारण नाही. पण ६ मार्चला मुलगी पंचवीस दिवसांची होती आणि या लसीसाठी अमेरिकेत किमान वय सहा आठवड्यांचं आहे. तेवढ्या लहान वयात दिलेला डोस डॉक्टर बाद धरतात. म्हणजे नुसत्या क्रमामुळे एक वैध डोस गेला असता. नर्सला शंका आली ती पुण्याच्या फाइलवरून. तिथे 22/05/21 अशी एक तारीख होती. बाविसावा महिना नसतो, म्हणून तिने बाकीच्या सगळ्या तारखांवर बोट ठेवलं. ती तारीख दहाव्या-बाराव्या दिवसाची असती तर हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

उपाय अगदी साधा आहे. महिना अक्षरांत लिहायचा, वर्ष चार आकडी: `03-JUN-2020`. मूळ कार्डावर मराठी अंक असतील तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. आपला १ परक्याला ९ सारखा दिसतो, आपला ५ चारसारखा आणि ४ आठासारखा. शाळेत भाषांतरासोबत मूळ कार्डाची प्रतही जाते आणि तिथला कुणी उत्साही कर्मचारी दोन्ही ताडून बघायला लागला तर "१२" त्याला "92" वाटतो. म्हणून भाषांतराच्या तळाशी मी मराठी अंकांची दहा खुणांची एक ओळ देते. जागा फारशी जात नाही.

दुसरी शंका एमएमआरची. कार्डावर सिस्टरने स्वच्छ लिहिलं होतं: "एमआर १", आणि तारीख १८ नोव्हेंबर २०२०. पहिल्या भाषांतरात त्याचं "एमएमआर" झालं होतं. बहुधा भाषांतरकाराला वाटलं की एक अक्षर राहून गेलंय. एमआर म्हणजे गोवर आणि रुबेला. मधला एम गालगुंडाचा, आणि आपल्या सरकारी कार्यक्रमात गालगुंडाची लस नाही. नऊ महिन्यांचं कारणही वेगळं आहे. आईकडून बाळाला मिळालेली प्रतिपिंडं वर्षभरात ओसरतात, आणि ती असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही. ज्या देशात गोवर फिरत असतो तिथे वर्षभर थांबणं धोक्याचं, म्हणून थोडा परिणाम कमी मिळाला तरी नऊ महिन्यांना पहिला डोस देतात आणि सोळा महिन्यांनंतर दुसरा. अमेरिकेत पहिला डोसच बारा महिन्यांनंतर असतो. त्यामुळे तिकडे पहिल्या वाढदिवसाआधीचा गोवराचा डोस संख्येत धरत नाहीत. मुलीला त्याचा उपयोग झाला नाही असं नाही, फक्त तिथल्या मोजणीत तो येत नाही.

आईशी बोलताना हा मुद्दा जरा तापला. ती म्हणाली, "ताई, गोवरचीच लस आहे ना ती? एमएमआर लिहिलं तर काय बिघडलं? तेवढंच एक इंजेक्शन वाचेल तिचं."

मी म्हटलं, "वाचणारच नाही. नऊ महिन्यांची आहे, एमएमआर लिहा नाहीतर आणखी काही, ती तिथे बाद आहे. आणि गालगुंडाची लस तिला तेव्हा मिळालेलीच नाही, ती मी कागदावर कशी देऊ?"

पुण्याला १५ महिन्यांच्या आसपास, २२ मे २०२१ ला, तिला खरी एमएमआर मिळाली होती आणि त्याच दिवशी कांजण्यांचा पहिला डोस. म्हणजे तिकडच्या हिशेबाने एमएमआर एक, कांजण्या एक. दुसरा डोस दोन्हींचा बाकी. हे दोन्ही खाजगी डॉक्टरांकडे मिळतात, पण निघायच्या धावपळीत ते राहून गेलं होतं. "एमएमआर दोनदा झालंय" अशी घरच्यांची समजूत होती आणि ती समजूत त्या पहिल्या भाषांतरानेच पक्की केली होती.

पोलिओचा हिशेब सर्वांत गुंतागुंतीचा. भारतातून जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलाच्या बाबतीत तो येतो, म्हणून थोडं थांबून सांगते. कार्डावर पोलिओच्या तोंडी थेंबांच्या चार नोंदी होत्या: जन्मतः झिरो पोलिओ आणि पेंटाबरोबरचे तीन. शिवाय ३ जून आणि १२ ऑगस्टला "एफ-आयपीव्ही", म्हणजे पोलिओचं कमी मात्रेचं इंजेक्शन, आणि पुण्याच्या फाइलमध्ये २५ ऑगस्ट २०२१ ला पेंटॅक्सिम, २० मार्च २०२४ ला टेट्रॅक्सिम, या दोन्ही एकत्रित लसींत पोलिओचं इंजेक्शन असतं. सगळे धरले तर पोलिओचे आठ डोस. कुठल्याही पालकाला वाटेल की हा विषय संपला.

तोंडी थेंबांत पूर्वी पोलिओच्या तिन्ही प्रकारच्या विषाणूंचा समावेश असे. दुसऱ्या प्रकारचा रानटी विषाणू जगातून गेल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये जगभर तो प्रकार थेंबांतून काढला. भारतात हा बदल २५ एप्रिल २०१६ ला झाला. त्यामुळे अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेचं मार्गदर्शन असं आहे की १ एप्रिल २०१६ पासून पुढे दिलेले तोंडी थेंब मोजायचे नाहीत, कारण त्यात दुसरा प्रकार नाही. २०२० साली जन्मलेल्या मुलीचे चारही थेंब डोस इथेच गळाले. पल्स पोलिओच्या रविवारचे थेंब तर कार्डावर नसतातच आणि असले तरी त्यांनाही हेच लागू.

राहिले एफ-आयपीव्ही. हा पूर्ण डोसाचा पाचवा हिस्सा. पूर्ण डोस ०.५ मिलीलिटर आणि स्नायूत किंवा त्वचेखाली, तर हा ०.१ मिलीलिटर आणि त्वचेच्या थरात. आपल्याकडे लस पुरवून वापरण्यासाठी ही पद्धत विचारपूर्वक आणली आहे आणि त्याच वेळी थेंबही दिले जातात. पण अमेरिकेत ठरलेल्यापेक्षा कमी मात्रेचा डोस पूर्ण धरत नाहीत. पहिल्या भाषांतरात "एफ" हे अक्षर गळून नुसतं "आयपीव्ही" उरलं होतं. त्यामुळे कागदावर इंजेक्शनाचे चार पूर्ण डोस दिसत होते आणि पोलिओचा रकाना पूर्ण भरलेला वाटत होता. खरे पूर्ण डोस दोनच: पेंटॅक्सिम आणि टेट्रॅक्सिममधले. त्यांतला दुसरा चौथ्या वाढदिवसानंतरचा, म्हणून तीन पुरणार होते. एक बाकी.

आईचा चेहरा व्हिडिओ कॉलवर उतरलेला दिसत होता. "तुम्ही तर तिचे डोस कमीच करत चाललाय." ते खरंच होतं. पहिल्या भाषांतरात बऱ्याच ठिकाणी पूर्ण दिसणारा कागद माझ्या हातून अपुरा होत होता. पण मुलगी जशी होती तशीच कागदावर यायला हवी होती. एक अक्षर वाढवून किंवा गाळून तिच्या अंगात पोलिओचा तिसरा डोस जात नाही.

पेंटॅक्सिम, टेट्रॅक्सिम ही नावं तिकडच्या डॉक्टरांना नेहमीची नसतात, कारण तिकडे त्या कंपनीच्या लसी वेगळ्या नावांनी मिळतात. म्हणून प्रत्येक ब्रँडनावापुढे त्यात काय काय आहे ते लिहायचं: पेंटॅक्सिममध्ये घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला, पोलिओचं इंजेक्शन आणि हिब या जिवाणूवरची लस. टेट्रॅक्सिममध्ये हिब सोडून बाकी सगळं. हे घटक स्टिकरवर छापलेले असतात. तिथून जसेच्या तसे घ्यावेत, आठवणीने लिहू नयेत. सरकारी "पेंटा"चं तर आणखी वेगळं. त्यात पोलिओ नाही, त्याच्या जागी कावीळ-ब आहे. पेंटा आणि पेंटॅक्सिम या दोन नावांची सुरुवात सारखी असल्यामुळे एकाच रांगेत बसवली की कावीळ-बचा एक डोस वाढतो किंवा पोलिओचे तीन वाढतात. सरकारी पेंटातला डांग्या खोकल्याचा भाग जुन्या पद्धतीचा, अख्ख्या पेशीचा असतो. अमेरिकेत ती लस आता देत नाहीत, पण बाहेर दिलेली असेल तर मोजतात. त्यामुळे घटसर्प-धनुर्वात-डांग्या खोकल्याचे तीन अधिक एक अधिक एक असे पाच पूर्ण भरले. एवढा एक रकाना कुरकुर न करता सुटला.

तिसरी शंका जन्माच्या डोसांची. कार्डावर बीसीजी, झिरो पोलिओ आणि कावीळ-ब यांसमोर नुसत्या बरोबरच्या खुणा होत्या, तारीख नाही. पहिल्या भाषांतरात तिथे "जन्मतः" असं लिहून पुढे जन्मतारीख टाकली होती. हे मला सर्वांत खटकलं. जन्मतः असं छापलेलं असलं तरी बीसीजी आपल्याकडे वर्षाच्या आत कधीही देतात. खुणेवरून दिवस कळत नाही. आणि अमेरिकेत नोंद लेखी आणि तारखेसकट असेल तरच धरतात, घरच्यांच्या सांगण्यावर नाही.

हे सोडून देता आलं नसतं का? शाळेच्या तक्त्यात कावीळ-बचे नुसते "तीन" आहेत आणि पेंटाचे तीन होतेच. पण मुलीला शेवटी तिथल्या डॉक्टरांकडेही जायचं होतं, आणि डॉक्टर अंतरंही मोजतात. त्यांच्या नियमाने कावीळ-बचा शेवटचा डोस किमान २४ आठवड्यांच्या वयात आणि पहिल्यानंतर किमान १६ आठवड्यांनी हवा. नुसते पेंटाचे तीन धरले तर ३ जून ते १२ ऑगस्ट म्हणजे दहाच आठवडे. शेवटचा डोस बाद. पण जन्माचा डोस तारखेसकट सिद्ध झाला तर पहिला तो होतो आणि १२ ऑगस्टपर्यंत सव्वीस आठवडे होतात. मुलगीही तेव्हा २४ आठवड्यांच्या पुढे होती. गंमत म्हणजे आपल्या वेळापत्रकाप्रमाणे सगळं वेळेवर झालं असतं, तर तिसरा पेंटा साडेतीन महिन्यांना, म्हणजे चौदा आठवड्यांना झाला असता आणि तिकडच्या नियमात बसला नसता. टाळेबंदीच्या उशिराने तिचं एक इंजेक्शन वाचवलं.

तारीख कार्डावर नाही म्हणजे कुठेच नाही असं नसतं. सरकारी कार्डाची एक अर्धी प्रत सिस्टरकडे राहते, उपकेंद्राच्या नोंदवहीतही नोंद असते, आणि प्रसूती झाली त्या रुग्णालयाच्या डिस्चार्ज कागदावर जन्माचे डोस लिहिलेले असतात. मी आजींना फोन लावला. त्या म्हणाल्या, "फाइल हाय की ट्रंकेत. सुनेनं टाकून दिली होती, मी उचलून ठिवली." डिस्चार्ज कागदावर तिन्ही डोस ११ फेब्रुवारी २०२० चे होते. जन्मतारखेचे नव्हते, दुसऱ्या दिवशीचे. फरक एका दिवसाचा, पण भाषांतरात जन्मतारीख टाकणं चुकीचंच ठरलं असतं.

आजींची पुढची सूचना होती की आशाताईला सांगून कार्डावर ती तारीख लिहून घेऊ. मी नको म्हटलं. पाच वर्षांच्या जुन्या कार्डावर आज नव्या शाईने तारीख लिहिली की ती दुरुस्ती नसून खाडाखोड दिसते आणि मग बाकीच्या खऱ्या तारखांवरही संशय येतो. डिस्चार्ज कागद हा स्वतंत्र पुरावा म्हणून वेगळा भाषांतरित केला. कार्डाच्या भाषांतरात त्या तीन ओळींत जे होतं तेच लिहिलं: खूण आहे, तारीख नाही. आणि बाजूला "सोबतचा कागद दोन पाहा". डिस्चार्ज कागद सापडला नसता तर उपकेंद्राच्या नोंदवहीवरून शिक्क्यासकट पत्र मागितलं असतं. तेही मिळालं नसतं तर मात्र तो डोस हिशेबातून गेलाच असता.

शेवटी भाषांतराचे तीन भाग झाले. पहिला कार्डाचा, दुसरा डिस्चार्ज कागदाचा, तिसरा पुण्याच्या फाइलमधल्या हस्ताक्षरातल्या शेऱ्यांचा. प्रत्येक ओळीत मूळ मजकूर जसा लिहिलाय तसा, त्यातले घटक, अक्षरी महिन्याची तारीख आणि डोस कुठे दिला ते. शाळेला मुलाचं नाव, जन्मतारीख, लसीचं नाव, तारीख आणि देणाऱ्या डॉक्टर वा केंद्राचं नाव एवढं लागतंच. कार्डाच्या शिक्क्यावरचं उपकेंद्राचं नाव मराठीत होतं, ते रोमन लिपीत उतरवलं. पहिल्या भाषांतरात शिक्का सरळ गाळला होता. आईच्या पारपत्रात मुलीच्या नावाचं जे स्पेलिंग होतं तेच वापरलं आणि कार्डावर "कु." व आजीने ठेवलेलं लाडकं नाव होतं त्याची टीप दिली. 'अ' जीवनसत्त्वाच्या ओळी लसींच्या यादीतून काढून वेगळ्या ठेवल्या, पण गाळल्या नाहीत. जपानी मेंदूज्वराची छापील ओळ रिकामी होती, ती रिकामीच ठेवली. ती लस आपल्याकडे ठरावीक जिल्ह्यांतच देतात.

वेळापत्रकाचा प्रश्न उरला होता. कार्डाच्या मागे छापलेल्या वेळापत्रकाचंही भाषांतर आईला हवं होतं, आणि ते केलं. पण स्वतंत्र पानावर, आणि वर ठळक एक ओळ: हा कार्डावरचा छापील मजकूर आहे, या मुलीला दिलेल्या डोसांची नोंद नाही. शाळेला ते पान लागत नाही. डॉक्टरांना मात्र उपयोगी पडतं: नऊ महिन्यांना एमआर का आहे, जन्मतः बीसीजी का आहे, एवढे तोंडी थेंब का आहेत, हे त्यांना एका नजरेत कळतं आणि पालकांना प्रश्नोत्तरं करत बसावं लागत नाही. माझ्या मते वेळापत्रकाचं भाषांतर द्यायचं तर याच पद्धतीने. नाहीतर देऊच नये.

"मोजायचं की नाही" हा निर्णय मी भाषांतरात कुठेही लिहिला नाही. एफ-आयपीव्हीच्या ओळीत "०.१ मिलीलिटर, त्वचेत" हे कार्डाच्या छापील मजकुरातून आलं तेवढंच लिहिलं, "अमान्य" वगैरे काही नाही. हिशेब आईला समजावा म्हणून वेगळ्या कागदावर मराठीत करून दिला, आणि तो शाळेत द्यायचा नाही असं बजावलं. शेवटी माझं सही केलेलं निवेदन: मला दोन्ही भाषा येतात, हे भाषांतर पूर्ण आणि बरोबर आहे, नाव, पत्ता, तारीख. या शाळेने नोटरी मागितली नाही. मागणाऱ्या शाळाही असतात, म्हणून पैसे घालवण्याआधी एका ओळीचा ईमेल करून विचारावं.

एक गोष्ट बीसीजीमुळे आली. सांता क्लारा काउंटीत शाळाप्रवेशासाठी क्षयरोगाच्या जोखमीचा एक फॉर्म डॉक्टरांकडून भरून घ्यावा लागतो, आणि भारतात जन्मलेल्या मुलाला पुढे चाचणी सांगतात. कोपराच्या खाली हातावर केलेल्या त्वचेच्या चाचणीत बीसीजीमुळे खोटा सकारात्मक निकाल येऊ शकतो, रक्ताच्या चाचणीत तो प्रश्न नसतो. म्हणून बीसीजीची तारीख असलेला कागद शाळा मोजत नसली तरी डॉक्टरांपुढे ठेवावा. इथे वेळेचंही एक गणित आहे. एमएमआर आणि कांजण्या या जिवंत लसी आहेत आणि त्या घेतल्यानंतर काही आठवडे क्षयाच्या चाचणीचा निकाल दबू शकतो. म्हणून चाचणी त्याच दिवशी करायची, नाहीतर किमान चार आठवडे थांबायचं. शाळा सुरू व्हायला चार आठवडे नव्हते. आईने भेटीची वेळ घेतानाच हे फोनवर सांगून ठेवलं.

एका भेटीत रक्त घेतलं आणि तीन इंजेक्शनं झाली: पोलिओ, एमएमआर, कांजण्या. दोन जिवंत लसी एकाच दिवशी चालतात. वेगवेगळ्या दिवशी द्यायच्या असतील तर मध्ये अठ्ठावीस दिवस लागतात. डॉक्टरांनी भाषांतरावरून जुने डोस राज्याच्या CAIR2 या नोंदणीत चढवले. एमआरची ओळ, चारही तोंडी थेंब आणि दोन एफ-आयपीव्ही त्यांनी नोंदीत ठेवले पण मोजले नाहीत. कावीळ-ब पूर्ण धरली. त्या नोंदीचा छापील कागद शाळेत गेला आणि प्रवेश झाला.

हाच कागद न्यू जर्सीत गेला असता तर हिशेब थोडा बदलला असता: तिथे कांजण्यांचा एकच डोस मागतात. म्हणून भाषांतर कोणत्याही एका राज्याच्या तक्त्याकडे बघून करू नये. पुण्याची फाइल, कार्ड आणि डिस्चार्ज कागद आईने शाळेला दिले नाहीत, फक्त दाखवले. सातवीत जाताना तिथे धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकल्याचा आणखी एक डोस मागतात, आणि तोवर ही मंडळी कुठल्या राज्यात असतील ते त्यांनाही माहीत नाही.